रोख वटाव की लांब मुदत? किराणा व्यापारातील एका पत्राचा हिशेब

वसई-विरार परिसरातील किराणा दुकानदार आपला बराचसा माल मुंबईच्या मशीद बंदर भागातून व वाशीच्या घाऊक बाजारातून आणतात. तेल, साखर, डाळी, मसाले यांचे बिल महिन्यातून एकदा होते, आणि त्या बिलाच्या तळाशी बहुधा एक छोटीशी ओळ असते: “दहा दिवसांत रक्कम दिल्यास दोन टक्के वटाव, अन्यथा साठ दिवसांची मुदत.” सर्वसाधारण दुकानदार ही ओळ वाचतो आणि मुदत घेतो. दोन महिने पैसे द्यावे लागत नाहीत, हा लाभ डोळ्यांना दिसतो; शंभर रुपयांमागे दोन रुपये ही बाब मात्र किरकोळ वाटते. प्रत्यक्षात या दोहोंमधील निवड ही पैसा कर्जाऊ घेण्या-न घेण्याचीच निवड होय. एखादा दुकानदार मुदत नाकारून वटाव पत्करतो आणि तसे पत्र घाऊक व्यापाऱ्यास लिहितो, तेव्हा त्या पत्रामागे कोणता हिशेब असावा लागतो, हे येथे एका उदाहरणाने पाहू.

दोन टक्क्यांची खरी किंमत

प्रथम वटाव या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. घाऊक व्यापारी छापील दरावर जी सूट सर्वच किरकोळ विक्रेत्यांना देतो ती व्यापारी सूट. ती बिलातच वजा होते आणि तिचा पैसे देण्याच्या वेळेशी संबंध नसतो. रोख वटाव याहून वेगळा. तो मालाबद्दल मिळत नाही, तर पैसा लवकर दिल्याबद्दल मिळतो. म्हणूनच त्याची तुलना मालाच्या भावाशी न करता व्याजाशी करावयाची असते.

करापूर्वीची किंमत एक लाख रुपये असलेले बिल घेऊ. दहाव्या दिवशी रक्कम दिल्यास ९८,००० रुपये द्यावे लागतात. साठाव्या दिवशी दिल्यास १,००,००० रुपये. याचा अर्थ असा की, जो दुकानदार साठ दिवसांची मुदत घेतो, तो दहाव्या दिवसापासून पुढे पन्नास दिवसांसाठी ९८,००० रुपये वापरतो आणि त्याबद्दल २,००० रुपये मोजतो. पहिल्या दहा दिवसांची उधारी दोन्ही वाटांनी फुकटच असते. विकत घेतले जातात ते पुढचे पन्नास दिवस. २,००० रुपयांना ९८,००० रुपयांनी भागल्यास शेकडा २.०४ हा आकडा येतो. पन्नास दिवसांचा हा दर वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरविला, तर तो शेकडा सुमारे १४.९ होतो. मुदतीची उधारी बिनव्याजी नाही. तिचे व्याज भावात मिसळलेले आहे आणि ते द.सा.द.शे. जवळजवळ पंधरा आहे.

येथे दिवसांचे अंतर फार महत्त्वाचे ठरते. हाच दोन टक्के वटाव दहा दिवसांसाठी असून मुदत केवळ तीस दिवसांची असती, तर वीस दिवसांसाठी २,००० रुपये जातात आणि वार्षिक दर ३७ टक्क्यांवर पोचतो. उलट मुदत नव्वद दिवसांची असती, तर ऐंशी दिवसांचा दर शेकडा ९.३ इतकाच राहतो. आणि साठ दिवसांच्या मुदतीवर वटाव दोनऐवजी एक टक्का असता, तर दर शेकडा ७.४ होतो. म्हणून “वटाव नेहमी घ्यावा” किंवा “मुदत कधी सोडू नये” अशी कोणतीही एक म्हण येथे लागू पडत नाही. वटावाचा टक्का, वटावाचा दिवस आणि मुदतीचा दिवस हे तीन आकडे घेतल्याविना उत्तर निघत नाही.

पैसा कोणाचा?

चौथा आकडा दुकानदाराकडे असतो. दहाव्या दिवशी द्यावयाचे ९८,००० रुपये कोठून येणार, हा तो आकडा.

दुकानदाराचे बँकेत रोख कर्जखाते आहे आणि त्यावर शेकडा बारा व्याज पडते, असे धरू. वसईत सहकारी बँकिंगची परंपरा जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ पासूनची. त्यामुळे मालाच्या तारणावर रोख कर्ज घेण्याची कल्पना येथील व्यापाऱ्यांना नवी नाही. ९८,००० रुपयांवर बारा टक्क्यांनी पन्नास दिवसांचे व्याज १,६११ रुपये होते. वटाव २,००० रुपयांचा. तेव्हा कर्ज काढून वटाव घेतला तरी ३८९ रुपये शिल्लक राहतात. लाभ आहे, परंतु तो बेताचाच आहे.

तीच रक्कम दुकानदाराने खाजगी सावकाराकडून दरमहा दोन टक्क्यांनी घेतली, तर पन्नास दिवसांचे व्याज ३,२६७ रुपये होते आणि वटाव मिळवूनही १,२६७ रुपयांचा तोटा पदरी येतो. अशा दुकानदाराने मुदत घेणे हेच शहाणपणाचे.

तिसरी स्थिती सर्वांत अनुकूल, आणि तिच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. तेल, साखर, डाळ हा माल रेंगाळत नाही. महिन्याभरात तो समप्रमाणात खपतो असे धरल्यास दहाव्या दिवसापर्यंत एक-तृतीयांश मालाचे पैसे गल्ल्यात आलेले असतात आणि तिसाव्या दिवशी सर्व माल संपलेला असतो. साठ दिवसांची मुदत घेतलेल्या दुकानदाराचा पैसा मग उरलेला महिनाभर चालू खात्यात पडून राहतो. त्यावर व्याज मिळत नाही, आणि बऱ्याचदा तो घरखर्चात किंवा न खपणाऱ्या मालात मुरतो. अशा दुकानदाराने वटाव घेतला तर त्याला कर्जाची गरज फक्त दहाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत आणि तीही उतरत्या रकमेची पडते. प्रारंभी सुमारे ६५,००० रुपये, शेवटी शून्य. म्हणजे सरासरी ३२,५०० रुपये वीस दिवसांसाठी. त्यावरील व्याज २१४ रुपयांच्या आसपास जाते. २,००० रुपयांच्या वटावापुढे हा खर्च नगण्य होय.

सारांश, प्रश्न असा विचारावयाचा: मुदत घेतली असती तर तो पैसा पन्नास दिवस कोठे असता? बँकेचे कर्ज कमी करण्यात गेला असता, तर लाभ ३८९ रुपयांचा. चालू खात्यात निजून राहिला असता, तर लाभ सतराशे-अठराशे रुपयांचा. आणि पैसाच नसता व सावकाराचे दार ठोठवावे लागले असते, तर तोटा.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील वसुली

हा हिशेब कागदावर सोपा आहे. दुकानात तो वसुलीवर अडतो. उदाहरणादाखल अर्नाळा परिसरातील एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणू. त्याचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक वर्ग विरारहून लोकलने मुंबईला नोकरीस जाणाऱ्या कुटुंबांचा. यांची वही महिनाभर चालते आणि पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात चुकती होते. दुसरा वर्ग कोळी बांधवांचा. त्यांची मिळकत होडी समुद्रात असेपर्यंतच चालते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. या दोन महिन्यांत घरात धान्य तर लागतेच. परंतु वहीवरील आकडा केवळ चढत जातो आणि होड्या पुन्हा निघाल्यावर तो उतरू लागतो.

या दोन गोष्टींवरून दुकानदाराच्या पत्रातील दोन कलमे ठरतात. पगारदारांची वसुली महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत होते; तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने बिल एक तारखेचे केले, तर वटावाचा शेवटचा दिवस ११ तारखेला येतो आणि गल्ला भरलेला असतो. तेच बिल १५ तारखेचे झाले, तर वटावाचा दिवस २५ तारखेस येतो, आणि महिनाअखेर म्हणजे वहीचा चढता काळ. बिलाची तारीख ही बाब क्षुल्लक दिसली तरी वटाव मिळणार की हुकणार हे पुष्कळदा तीच ठरविते.

दुसरे कलम जून व जुलैचे. या दोन महिन्यांत कर्जखात्याची मर्यादा संपण्याचा संभव असतो, आणि मर्यादा संपली की पुढचा पैसा बारा टक्क्यांनी मिळत नाही. म्हणून या दोन बिलांपुरती साठ दिवसांची मुदत राखून ठेवणे योग्य. १ जूनचे बिल ३१ जुलैस द्यावे लागेल व १ जुलैचे ३० ऑगस्टला. तोवर होड्या पाण्यात उतरलेल्या असतात. मात्र ऑगस्टपासून पुन्हा वटावावर आल्यास ३१ जुलै, ११ ऑगस्ट आणि ३० ऑगस्ट अशा तीन रकमा एका महिन्यात येतात. ही गोष्ट दुकानदाराने मे महिन्यातच वहीत टिपून ठेवावयास हवी.

बदलाच्या काळातील अडचण

जो दुकानदार आजवर साठ दिवसांच्या मुदतीवर चालला आहे, त्याने एकाएकी वटावाचा मार्ग धरला तर पहिल्या दोन महिन्यांत त्याची ओढाताण होते. हा धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, १ डिसेंबरच्या बिलापासून वटाव घ्यावयाचे ठरले. १ ऑक्टोबरच्या बिलाची रक्कम ३० नोव्हेंबरला द्यावयाची आहे आणि १ नोव्हेंबरच्या बिलाची ३१ डिसेंबरला. त्यांच्या मध्येच ११ डिसेंबरला नव्या बिलाचे ९८,००० रुपये आणि ११ जानेवारीला पुन्हा ९८,००० रुपये द्यावे लागतात. एरवी ज्या काळात दोन बिले चुकती व्हावयाची त्याच ४३ दिवसांत चार बिले चुकती करावयाची वेळ येते. जुनी उधारी फिटत असते आणि नवी उधारी मिळणे थांबलेले असते. सुमारे दोन लाख रुपयांचा हा जादा बोजा ज्याने आधी मोजलेला नसतो, तो दुसऱ्याच महिन्यात वटाव हुकवितो आणि मग “हे आपल्याला जमणारे नाही” म्हणून पूर्ववत मुदतीवर जातो.

यावर उपाय म्हणजे बदल टप्प्याने करणे. डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत मालाची दोन बिले करून घ्यावी: पन्नास हजारांचे बिल वटावावर, पन्नास हजारांचे मुदतीवर. मग ११ डिसेंबर व ११ जानेवारी या दिवशी प्रत्येकी ४९,००० रुपयेच लागतात, आणि मुदतीवरील अर्धी रक्कम ३० जानेवारी व २ मार्चला येते. फेब्रुवारीचे बिल पूर्णपणे वटावावर घेता येते. बोजा तेवढाच राहतो. पण तो मार्चच्या प्रारंभापर्यंत पसरतो. दिवाळी आणि नाताळ यांच्या विक्रीचा पैसा हाती असताना हा बदल करणे पावसाळ्याच्या तोंडाशी करण्यापेक्षा सोयीचे.

पत्राचा मसुदा

वरील हिशेबावरून दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्यास लिहावयाच्या पत्राचा नमुना पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

“श्री. व्यवस्थापक यांसी,

स.न.वि.वि.

आपल्या पेढीकडून आम्ही दरमहा तेल, साखर व डाळी यांची खरेदी करतो. आपण आम्हांस दहा दिवसांत रक्कम दिल्यास दोन टक्के वटाव, किंवा वटावाविना साठ दिवसांची मुदत, असे दोन पर्याय कळविले आहेत. त्याबद्दल आभारी आहोत. पूर्ण विचारान्ती आम्ही वटावाचा पर्याय स्वीकारीत आहोत. येत्या १ डिसेंबरच्या मालापासून पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी, ही विनंती.

१. बिल शक्यतो प्रत्येक महिन्याच्या एक तारखेचे असावे. दहा दिवस मोजताना बिलाची तारीख धरू नये. म्हणजे एक तारखेच्या बिलाची रक्कम अकरा तारखेपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा झाल्यास वटाव मिळावा. माल बिलाच्या तारखेनंतर तीन दिवसांहून उशिरा पोचल्यास दहा दिवस माल पोचल्याच्या तारखेपासून धरावे.

२. वटाव करापूर्वीच्या किमतीवर धरावा आणि बिलावर या अटीचा उल्लेख असावा. रक्कम पोचताच वटावाचे जमापत्र बिल क्रमांकासह पाठवावे.

३. डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत मालाची दोन समान बिले करावी. एक वटावावर, दुसरे साठ दिवसांच्या मुदतीवर. फेब्रुवारीपासून संपूर्ण बिल वटावावर राहील.

४. जून व जुलै महिन्यांतील बिले साठ दिवसांच्या मुदतीवर राहावी. या दोन महिन्यांत आमच्या गिऱ्हाइकांची वसुली मासेमारी बंद असल्यामुळे लांबते.

५. काही कारणाने दहा दिवसांत रक्कम पोचली नाही, तर त्या बिलास वटाव मिळणार नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या बिलाची साठ दिवसांची मुदत कायम राहावी.

६. मालात तूट अथवा खराबी आढळल्यास तेवढी रक्कम वजा करून उरलेली रक्कम वेळेत दिल्यास उरलेल्या रकमेवर वटाव मिळावा.

या अटी आपणांस मान्य असल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे डिसेंबरच्या मालाची मागणी पाठविता येईल. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

कळावे,

आपला विश्वासू”

कलमांमागील कारणे

या पत्रातील प्रत्येक कलम व्यवहारात नेहमी उद्भवणाऱ्या एखाद्या तंट्याला उत्तर देते. पहिले कलम दिवसांच्या मोजणीचे. धनादेश अकरा तारखेला हाती दिला आणि रक्कम बारा तारखेला जमा झाली, तर वटाव द्यावयाचा की नाही, यावर वाद होतो. खात्यात रक्कम जमा होण्याची तारीख धरल्यास दोन्ही बाजूंना एकच पुरावा मिळतो. बँकेतून बँकेत रक्कम पाठविण्याची एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून सर्व दिवस, सर्व वेळ चालू असल्याने सुट्टीचा दिवस आला तरी अडत नाही. माल पोचण्याची तारीखही तितकीच महत्त्वाची. पावसाळ्यात महामार्गावर टेम्पो दोन दिवस अडकला आणि माल पाचव्या दिवशी उतरला, तर माल पाहून पैसे देण्यास पाचच दिवस उरतात.

पाचवे कलम लहान असले तरी त्यात दुकानदाराचा बचाव आहे. ते नसल्यास काही घाऊक व्यापारी असा अर्थ लावतात की, वटावाची अट पत्करणाऱ्याने दहा दिवस चुकविले तर रक्कम तत्काळ देय होते आणि पुढे व्याजही लागते. हे कलम असल्यास चुकलेल्या बिलाचे काय करावे हेही स्पष्ट होते. वटाव एकदा हुकला की बाराव्या किंवा विसाव्या दिवशी घाईने पैसे देण्यात काहीच लाभ नसतो. तेव्हा रक्कम साठाव्या दिवशीच द्यावी. त्याचप्रमाणे वटाव घ्यावयाचा तर तिसऱ्या दिवशी पैसे देण्याचीही गरज नाही. दहावा दिवस पुरतो. मधल्या दिवशी पैसे देणारा दुकानदार वटावही घालवितो आणि मुदतही.

सहावे कलम तुटीचे. तेलाचा एखादा डबा गळका निघाला म्हणून संपूर्ण बिल अडवून ठेवण्याची चाल आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या तंट्यापायी दोन हजारांचा वटाव त्यात बुडतो. वादाची रक्कम बाजूला काढून उरलेली वेळेत देणे, हे या कलमाने शक्य होते.

घाऊक व्यापारी हे सर्व मान्य का करील, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचाही पैसा उधारीत गुंतलेला असतो आणि त्यावर त्यालाही बँकेचे व्याज भरावे लागते. शिवाय वसुलीस माणूस पाठविण्याचा खर्च आणि रक्कम बुडण्याचा धोका त्याच्या माथी असतो. ठरल्या तारखेला न मागता येणाऱ्या ९८,००० रुपयांची किंमत त्याच्या लेखी साठाव्या दिवशी मागून मिळणाऱ्या लाखापेक्षा अधिक असू शकते. पत्रातील अटी रास्त असतील तर त्या नाकारण्यास त्याला फारसे कारण उरत नाही.

कर आणि कायदा यांतील जागा

“रोख वटाव” यातील रोख या शब्दाने एक गैरसमज होतो. त्याचा अर्थ नोटा मोजून देणे असा नसून विनाविलंब देणे असा आहे. व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजार रुपयांहून अधिक रक्कम नोटांनी दिली, तर आयकराच्या हिशेबात तो खर्च सामान्यतः मान्य होत नाही. तेव्हा वटाव मिळविण्यासाठी लाखाच्या नोटा टेम्पोवाल्याबरोबर पाठविणारा दुकानदार दोन हजार मिळवून कराच्या रूपाने त्याहून कितीतरी अधिक घालवू शकतो. रक्कम बँकेमार्फतच गेली पाहिजे.

दुसरी बाब वस्तू व सेवा कराची. एक लाखाच्या मालावर पाच टक्के कर धरल्यास बिल १,०५,००० रुपयांचे होते. वटाव पुढे मिळणार असल्याने बिल पूर्ण रकमेचेच निघते आणि नंतर जमापत्र येते. घाऊक व्यापाऱ्याने करासह जमापत्र दिले, तर २,१०० रुपये वजा होतात आणि दुकानदाराने त्या शंभर रुपयांच्या कराची वजावट परत करावयाची असते. केवळ रकमेचे जमापत्र दिले, तर २,००० रुपये वजा होतात आणि कराला हात लागत नाही. नियमित करदात्या दुकानदारास दोन्ही सारखेच. मात्र आपसमेळ योजनेतील दुकानदारास कराची वजावट मिळत नसल्याने पहिली पद्धत शंभर रुपयांनी फायद्याची पडते. २०१७ साली लागू झालेल्या कायद्याच्या मूळ तरतुदीत, विक्रीनंतरच्या सवलतीवरील कर कमी करावयाचा तर ती सवलत विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या वेळी ठरलेली आणि विशिष्ट बिलाशी जोडलेली असावी, अशी अट घातलेली होती. मागणीपूर्वी पत्र लिहिण्याची आणि जमापत्रावर बिल क्रमांक मागण्याची पद्धत यासाठीच सुरक्षित होय.

तिसरी बाब मुदतीच्या मर्यादेची. माल पुरविणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, उदाहरणार्थ पापड-मसाल्याचा घरगुती कारखाना चालविणारा महिला बचत गट, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार त्याची रक्कम लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत द्यावी लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. अशा पुरवठादाराशी साठ दिवसांची मुदत ठरविताच येत नाही. २ जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली. परंतु ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती असून विलंबित रकमेच्या या संरक्षणाचा लाभ व्यापाऱ्यास मिळत नाही. म्हणून मशीद बंदरच्या व्यापाऱ्याशी साठ दिवसांची मुदत चालते, पण गावातील बचत गटाशी चालत नाही.

वटाव खरा की दिखाऊ

शेवटी एका कसोटीचा उल्लेख केला पाहिजे. कधी कधी वटाव देणारा व्यापारी मूळ दरच चढवून ठेवतो. हे ओळखण्याचा मार्ग म्हणजे निव्वळ दराची तुलना. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा भाव एका पेढीत २,१०० रुपये असून त्यावर दोन टक्के वटाव असेल, तर निव्वळ भाव २,०५८ रुपये पडतो. दुसरी पेढी वटावाविना, पण पंधरा दिवसांच्या मुदतीवर तोच डबा २,०५० रुपयांना देत असेल, तर पहिलीचा वटाव केवळ नावाचा आहे. एकाच दिवसाचे दोन-तीन पेढ्यांचे भाव घेऊन, वाहतूक खर्च मिळवून, ही तुलना तीन-चार महिन्यांतून एकदा करावी.

दुसरे लक्षण दुकानातच दिसते. वटावाच्या मोहाने मागणी वाढविली आणि महिन्याचा माल दीड महिना पुरू लागला, तर वर मांडलेला सर्व हिशेब उलटतो. कारण मालाचे पैसे येण्यापूर्वीच पुढचे बिल उभे राहते. महिनाअखेर कोठीत मागच्या बिलाचा माल किती उरला, हे पाहिले की ही चूक लगेच उघड होते. हिशेबाच्या वहीत मिळालेला वटाव मालाच्या किमतीतून वजा न करता “मिळालेला वटाव” या स्वतंत्र खात्यात लिहावा आणि त्यापुढेच कर्जखात्याचे व्याज मांडावे. वर्षाला बारा बिले वटावावर घेतल्यास २४,००० रुपये जमेस येतात. त्यातील दोन बिले मुदतीवर राखली, एखादे हुकले, तर १८,००० रुपये येतील. त्याच वर्षातील जादा व्याज ९,००० रुपयांच्या आत राहिले असेल, तर पत्र योग्य ठरले. ते १८,००० रुपयांवर गेले असेल, तर पुढील वर्षी त्याच पेढीला दुसरे पत्र लिहून मुदत मागून घ्यावी. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असले, म्हणजे कोणते पत्र लिहावे याबद्दल तर्क करीत बसावे लागत नाही.